बिलाचा फोटो आधी वाचा, मग बघा: जुना फोन घेताना कागद कसे तपासायचे

म्हापशाच्या बाजारात मी मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी पेडणे, डिचोली, साखळीकडून माणसं येतात, आणि त्यातले दोन-तीन तरी फोन दुरुस्तीला न देता मोबाईलवर आलेला एक फोटो माझ्यासमोर धरतात. "हे बिल खरं वाटतं का, बघा जरा." जुना फोन घ्यायचा असतो, विकणारा मडगावला किंवा वास्कोला असतो, आणि त्याने व्हॉट्सॲपवर बिल, वॉरंटी कार्ड आणि डब्याचे फोटो पाठवलेले असतात.

बहुतेक जण तो फोटो मोठा करून शिक्का बघतात, सही बघतात. मी शिक्का शेवटी बघतो. बनावट कागद करणारा नजरेला दिसणाऱ्या गोष्टींवर मेहनत घेतो. पण बिलावरचे आकडे एकमेकांना बांधलेले असतात. एक बदलला की त्याच्याशी जोडलेले तीन-चार बदलावे लागतात, आणि तिथे तो चुकतो. म्हणून बिल आधी हिशेबनिसासारखं वाचायचं आणि त्यानंतर फोटो म्हणून बघायचं. याच क्रमाने पुढे सांगतो. पहिल्यांदाच जुना फोन घेणाऱ्यालाही हे सगळं घरी बसून अर्ध्या तासात करता येईल.

उदाहरण म्हणून एक खरा प्रसंग धरतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पेडण्याचा एक मुलगा माझ्याकडे आला. मोपाच्या विमानतळावर नुकताच कामाला लागलेला. "काका, वॉरंटी अजून चार महिने आहे म्हणतो. एक्केचाळीस हजार सांगतोय. आज संध्याकाळी टोकन द्यायचंय." बिलाच्या फोटोत दुकान मडगावचं, तारीख १२/०८/२०२४, एकूण रक्कम ६४,९०० रुपये. नवा साडेचौसष्ट-पासष्ट हजारांचा फोन, आठ महिने वापरलेला, एक्केचाळीस हजारांत. भाव पटण्यासारखा होता.

पहिलं पाऊल: बिल नंबर आणि तारीख शेजारी ठेवा

त्या बिलावर नंबर होता `M/23-24/1187`. तारीख ऑगस्ट २०२४ ची.

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर ओळीने चालणारा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच येणारा असावा लागतो, आणि तो सोळा अक्षरांपेक्षा लांब नसतो. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. त्यामुळे पुष्कळ दुकानदार नंबरातच वर्ष घालतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा एकपासून मोजायला लागतात. २३-२४ ची मालिका ३१ मार्च २०२४ ला संपली. ऑगस्ट २०२४ चं बिल २४-२५ च्या मालिकेतलं असायला हवं होतं. तारखेतला एकच आकडा, ३ चा ४, केलेला असावा असा संशय मला इथेच आला. एका आकड्यात वॉरंटी बारा महिन्यांनी लांबते.

प्रत्येक दुकान नंबरात वर्ष घालतंच असं नाही. काहींचा नंबर नुसता `1187` असतो, तेव्हा ही खूण मिळत नाही, म्हणून बिल खोटं ठरवू नका आणि खरंही ठरवू नका. आणखी एक: दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जुनीच मालिका चालू राहिल्याचं मी पाहिलं आहे. ऑगस्टपर्यंत मात्र तसं राहत नाही.

दुसरं पाऊल: कराचा हिशेब उलटा करा

हे पाऊल मला सगळ्यात जास्त भरवशाचं वाटतं, आणि याला फक्त फोनमधला कॅल्क्युलेटर लागतो.

मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता, आणि १ जुलै २०१७ च्या आधी जीएसटीच नव्हता, तेव्हाच्या बिलावर व्हॅट दिसेल. गोव्यातल्या दुकानाने गोव्यातल्या गिऱ्हाइकाला काउंटरवर फोन विकला तर ते १८ टक्के दोन सारख्या भागांत येतात: ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. म्हणजे बिलावर चार आकडे असतात. कराआधीची किंमत, सीजीएसटी, एसजीएसटी आणि एकूण.

पेडण्याच्या मुलाच्या फोटोत हे असे होते:

```
Taxable value   56,890.00
CGST 9%          4,005.00
SGST 9%          4,005.00
Total           64,900.00
```

बेरीज केली तर बरोबर येते. ५६,८९० अधिक ८,०१०, झाले ६४,९००. मुलानेही बेरीज करून बघितली होती आणि त्याचं समाधान झालं होतं. पण ५६,८९० चे ९ टक्के काढा. ५,१२०.१० येतात. बिलावर ४,००५ आहेत. दुकानातलं सॉफ्टवेअर अशी चूक करत नाही, कारण तिथे कर कुणी हाताने लिहीत नाही, तो किमतीवरून आपोआप निघतो.

आता उलट जा. कर ४,००५ असेल तर मूळ किंमत किती? ४,००५ ला ०.०९ ने भागा. ४४,५०० येतात, अगदी पूर्ण आकडा. त्यावर १८ टक्के लावा: ५२,५१०. म्हणजे हा फोन दुकानातून ५२,५१० ला गेला होता. ज्याने बिल बदललं त्याने एकूण रक्कम वाढवून ६४,९०० केली, बेरीज जुळावी म्हणून वरची किंमत ५६,८९० केली, आणि मधल्या कराच्या दोन ओळींना हात लावला नाही. त्या दोन ओळींनी खरी किंमत सांगून टाकली. ६४,९०० चं खरं बिल असतं तर १.१८ ने भागून कराआधीची किंमत ५५,००० आली असती आणि कर ४,९५० अधिक ४,९५०.

घरी करताना एवढंच लक्षात ठेवा: एकूण रकमेला १.१८ ने भागा आणि उत्तर कराआधीच्या किमतीशी ताडून बघा. एखाद्या रुपयाचा फरक चालतो, कारण बिल पूर्ण रुपयात करण्यासाठी 'राउंड ऑफ' धरतात आणि ते बिलावर छापलेलं असतं. चार रुपयांचा फरक चालत नाही. कव्हर, चार्जर किंवा टफन ग्लास त्याच बिलात असेल तर प्रत्येक ओळीचा हिशेब वेगळा करा. सवलत असेल तर ती वजा करून मग कर लागतो, हेही बघा.

आणखी एक जागा. रक्कम अक्षरी लिहिलेली असते ती ओळ बदलायला अवघड, कारण तिथे दोन-तीन शब्द नव्याने बसवावे लागतात आणि जागा कमी-जास्त होते. या फोटोत बिलाची खालची बाजूच नव्हती. कागद एसजीएसटी आणि एकूण रकमेच्या लगेच खाली कापला गेला होता. बिलाचा फोटो चारही कडा दिसतील असा मागा. कडा दिसत नसेल तर तिथे काय होतं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बिलावर कराच्या ओळीच नसल्या तर? लगेच खोटं म्हणू नका. गोव्यात बरेच छोटे दुकानदार कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि त्यांच्या कागदावर 'टॅक्स इन्व्हॉइस' ऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' असं छापलेलं असतं. संशय उलटा घ्यायचा: वर 'बिल ऑफ सप्लाय' आणि खाली सीजीएसटी लावलेला असेल तर दोन वेगळ्या कागदांचे तुकडे जोडलेले असू शकतात.

तिसरं पाऊल: दुकानाचा जीएसटी नंबर

हा पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं मालकाचा किंवा फर्मचा पॅन. तेराव्या जागी त्याच पॅनवरची कितवी नोंदणी ते, चौदाव्या जागी बहुतेक वेळा `Z`, आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेलं. त्यामुळे कुणी मधलं एखादं अक्षर बदललं तर शेवटचं अक्षर जुळत नाही.

तो हिशेब तुम्हाला करायची गरज नाही. `services.gst.gov.in` उघडा, `Search Taxpayer` मध्ये नंबर टाका. लॉगिन लागत नाही. नंबर खरा असेल तर नोंदणीचं नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख, नंबर सध्या चालू आहे की रद्द झालाय, आणि मुख्य पत्ता दिसतो. तिथे तीन गोष्टी बघा. दुकानाचं नाव बिलाशी जुळतं का, नोंदणी बिलाच्या तारखेआधीची आहे का, आणि रद्द झाली असेल तर कधी.

सावंतवाडी, बांदा, बेळगाव किंवा कोल्हापूरहून आपल्याकडची माणसं फोन आणतात, त्यामुळे २७ किंवा २९ ने सुरू होणारा नंबर गोव्यात सापडणं यात वावगं काही नाही. वावगं असतं ते दुकानाचा पत्ता मडगावचा आणि नंबर २७ चा असेल तर. ऑनलाइन मागवलेल्या फोनच्या बाबतीत हेही बघा: विकणारा कर्नाटकातला आणि माल गोव्याला आलेला असेल तर बिलावर एकत्र १८ टक्के आयजीएसटी हवा. तिथे सीजीएसटी-एसजीएसटी असे दोन भाग दिसले तर कागद जुळत नाही.

आपल्या बिलावरचा नंबर खरा निघाला. दुकान मडगावला होतं, नाव जुळत होतं. पुष्कळ जण इथे थांबतात आणि पैसे देतात. पण नंबर खरा असण्याने एवढंच कळतं की ते दुकान आहे. ते बिल त्या दुकानाने जसं दिलं तसंच आहे हे त्यातून कळत नाही. जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लावावा लागतो, तो कुणालाही मिळतो.

चौथं पाऊल: आयएमईआय

फोनमध्ये `*#06#` दाबलं की पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतात, आणि बिलावर बहुधा त्यातला एकच असतो. फोनच्या पडद्यावरचा, डब्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. डब्यावरचा चिकटवलेला कागद बदलता येतो आणि रिकामे डबे विकतही मिळतात, म्हणून पडद्यावरचा आकडा मुख्य मानायचा.

या नंबराचाही शेवटचा आकडा हिशेबाने येतो. एकदा हाताने करून बघा, म्हणजे लक्षात राहील. नमुन्यादाखल हा नंबर घ्या:

```
4 9 0 1 5 4 2 0 3 2 3 7 5 1 | 8
```

पहिल्या चौदांतला डावीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा. दुप्पट केल्यावर दोन आकडी आलं तर त्याचे दोन आकडे मिळवायचे, म्हणजे ९ चे १८, आणि १ अधिक ८ झाले ९. अशी ओळ होते:

```
4 9 0 2 5 8 2 0 3 4 3 5 5 2
```

बेरीज ५२. पुढचा पूर्ण दशक ६०, म्हणून शेवटचा आकडा ८. नंबर बरोबर आहे. यातला कुठलाही एक आकडा बदला, हिशेब मोडतो. घाईघाईने एखादा आकडा रंगवणारा इथे सापडतो. पण दुसऱ्या फोनचा पूर्ण नंबर उचलून बसवला तर हिशेब जुळतोच. त्यासाठी `KYM`, मग एक जागा सोडून पंधरा आकडी नंबर, असा मेसेज `14422` ला पाठवा. हीच तपासणी सरकारच्या संचार साथीच्या संकेतस्थळावर आणि ॲपवरही होते. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, आणि नंबर काळ्या यादीत असेल तर तेही कळतं. चोरीला गेलेला म्हणून मालकाने बंद करून घेतलेला फोन इथे लक्षात येतो. बिल कितीही सुंदर असलं तरी असा फोन घेऊ नका.

विकणाऱ्याने फोटोत आयएमईआयचे शेवटचे पाच-सहा आकडे झाकले असतील तर त्याचा राग धरू नका. शहाणा माणूस झाकतोच, कारण त्याच्या बिलाचा उघडा फोटो उद्या दुसऱ्या कुणाच्या बनावट बिलाचा कच्चा माल होतो. तुम्हीही कधी फोन विकलात तर नंबर, पत्ता आणि आयएमईआय झाकूनच फोटो पाठवा, आणि पूर्ण कागद भेटल्यावर दाखवा.

आता फोटो बघा

एवढं वाचून झाल्यावर फोटो मोठा करायचा. काय शोधायचं ते आता आपल्याला माहीत आहे: तारखेतला ४, आणि रकमेचे आकडे.

ते बिल ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापलेलं होतं. त्या प्रिंटरचा प्रत्येक आकडा बारीक ठिपक्यांचा असतो आणि रिबन जुनी असली की मधले ठिपके पुसट येतात. तारीख आणि एकूण रक्कम सोडून मी बिलातले बाकीचे सगळे ४ शोधले. बिल नंबरमधला २४ चा ४, कराच्या ४,००५ मधले दोन, आयएमईआयमधला एक. चारही पुसट, डाव्या तिरक्या रेघेत एकेक ठिपका गळलेला. तारखेतला ४ मात्र सलग, गडद, कडा धारदार. त्याच्या भोवतीचा कागदही निराळा होता. खऱ्या फोटोत पांढऱ्या कागदावर बारीक दाणे दिसतात, अंधुक प्रकाशात जास्तच. त्या ४ भोवती नखाएवढी जागा गुळगुळीत होती, कुणी बोटाने सारवल्यासारखी.

हीच युक्ती कुठल्याही कागदाला चालते: संशयाचा आकडा एकटा बघत बसू नका, त्याच बिलात तोच आकडा दुसरीकडे कुठे आहे ते शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एका यंत्रातून, एकाच वेळी निघालेले आकडे भावंडांसारखे दिसतात.

दुसरी खूण घडीची. बिल खिशात राहतं, त्याला घड्या पडतात, आणि फोटोत घडीवर अक्षरं किंचित वाकतात, एका बाजूला सावली चढते. घडीवर किंवा कागदाच्या उंचवट्यावर बसलेले आकडे सरळच राहिले, सावली त्यांच्यावरून गेली नाही, तर ते नंतर ठेवलेले आहेत. आमच्या फोटोत एकूण रक्कम नेमकी घडीवर होती. डावीकडचा 'टोटल' हा शब्द वाकला होता, आणि ६४,९०० पट्टीने आखल्यासारखे सरळ.

शिक्क्याचंही तसंच. रबरी शिक्का कधी सारखा उठत नाही. एका बाजूला शाई जास्त, एका बाजूला अक्षर अर्धं. छापलेल्या ओळीवर तो पडला तर खालची अक्षरं शाईतून दिसतात. चिकटवलेला शिक्का खालची अक्षरं झाकतो किंवा त्याच्या भोवती फिकट कडा राहते. विकणाऱ्याने बिल आणि वॉरंटी कार्ड दोन्ही पाठवले असतील तर दोन्हीवरचे शिक्के ताडून बघा. दोन्हीकडे त्याच जागी तीच शाई उडालेली असेल तर तो एकच शिक्का दोनदा वापरलेला आहे.

आता खोट्या संशयाबद्दल, कारण नवशिके इथे फसतात आणि चांगला सौदा घालवतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे सगळ्याच अक्षरांभोवती धुरकट चौकोनी ठिपके येतात. सगळीकडे सारखे असतील तर ते काही नाही. एकाच जागी कमी किंवा जास्त असतील तर बघायचं. फोटो कधी काढला ही माहितीही व्हॉट्सॲपवर पाठवताना निघून जाते, तेव्हा ती नसल्यावरून काही ठरवू नका. थर्मल कागदाचं बिल आपल्या दमट हवेत वर्षभरात पिवळट आणि पुसट होतं. उलट, दोन पावसाळे काढलेलं थर्मल बिल काळंभोर दिसलं तर मी विचारतो. कागद पांढरा करून देणाऱ्या स्कॅनिंग ॲपमधून आलेला फोटो तपासायला निरुपयोगी, कारण ते ॲप सावल्या आणि दाणे दोन्ही पुसतं. साधा फोटो मागा. आणि फोटोवर लहरींसारखे रंगीत पट्टे दिसले तर तो कागदाचा फोटो नाही, दुसऱ्या पडद्याचा आहे.

हे सगळं मूळ फोटोत बदल केलेला असेल तेव्हा चालतं. कुणी बिल संगणकावर पहिल्यापासून नवं बनवलं, छापलं, चुरगाळलं आणि मग फोटो काढला, तर सावली, दाणे, घडी सगळं खरंच असतं. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. तिथे हिशेब, नंबर आणि दुकानाला केलेला फोनच कामाला येतो. म्हणूनच मी वाचण्याला आधी ठेवलं.

वॉरंटी कार्ड आणि 'सर्टिफिकेट'

फोनच्या बाबतीत वॉरंटी कार्डावर जाऊ नका. आजकाल बहुतेक मोठ्या कंपन्यांची वॉरंटी त्यांच्या नोंदीत फोनच्या नंबरावर असते, आणि तिची मुदत त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. ॲपलसाठी `checkcoverage.apple.com` आहे, तिथे सिरियल नंबर टाकायचा. फोन पहिल्यांदा चालू झाल्याची तारीख बिलाच्या तारखेच्या खूप आधीची निघाली तर बिल दुसऱ्याच कशाचं तरी आहे किंवा त्याची तारीख बदललेली आहे.

मिक्सर, पंखा, घड्याळ अशा वस्तूंना मात्र अजून दुकानदाराने भरून दिलेलं कार्ड चालतं. तिथे सिरियल नंबर, तारीख आणि शिक्का तिन्ही भरलेले हवेत, आणि सिरियल नंबर वस्तूवरच्या पट्टीशी जुळला पाहिजे. नुसता शिक्का मारलेलं, बाकी कोरं कार्ड म्हणजे कुणीही काहीही भरू शकेल असा कागद. तो विकणाऱ्याने स्वतः भरलाय का, हे पेनाच्या शाईवरून कळतं: नाव एका शाईत आणि तारीख दुसऱ्या शाईत असेल तर विचारा.

'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' असा सोनेरी किनारीचा कागद फोनबरोबर आला तर मला तोच संशयाचा वाटतो. मोबाईल कंपन्या फोनबरोबर असा दाखला देत नाहीत. दाखल्याला किंमत तेव्हाच, जेव्हा त्यावरचा नंबर वस्तूवरही असतो आणि देणाऱ्याकडे जाऊन तपासता येतो. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी कोरलेला असतो आणि तो `BIS Care` ॲपमध्ये टाकून बघता येतो. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालाचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि अनेक हिऱ्यांच्या कडेवर तोच नंबर लेझरने कोरलेला असतो. वस्तूवर नंबर नसेल तर कागद कितीही जाड असो, तो कुठल्याही वस्तूबरोबर फिरवता येतो.

शेवटी: नवा फोटो मागा, दुकानाला फोन करा

संशय आला की भांडू नका. साधं एक मागणं करा. मी त्या मुलाला लिहायला सांगितलं: "दादा, बिल टेबलावर ठेवून बाजूला फोन ठेवा, पडद्यावर `*#06#` दाबलेलं असू दे, आणि एका चिठ्ठीवर आजची तारीख लिहून तीही फोटोत येऊ दे. थोडा तिरका काढा, चारही कडा दिसतील असा." कागद उलटासुलटा करून दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तर आणखी बरं. ज्याच्याकडे खरा कागद आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात. आमच्या विक्रेत्याने पाऊण तासाने तोच जुना फोटो पाठवला, फक्त वरून थोडा कापलेला. तो ४ तसाच धारदार, घडीवरचा ६४,९०० तसाच सरळ.

मग दुकानाला फोन केला. नंबर बिलावरचा घ्यायचा नाही, कारण बनावट बिलावर फोन नंबरही बनावट असू शकतो आणि पलीकडे विकणाऱ्याचाच मित्र "हो, आमचंच बिल" म्हणू शकतो. नकाशावरून किंवा दुकानाच्या पाटीवरून घ्या. दुकानदार गिऱ्हाइकाचं नाव सांगणार नाही, आणि सांगूही नये. तुम्ही बिल नंबर, तारीख आणि रक्कम सांगा आणि एवढंच विचारा की हे तिन्ही त्यांच्या वहीत जुळतात का. मडगावच्या माणसाने दोन मिनिटांत बघून सांगितलं: "नंबर आमचा आहे, पण तो आदल्या वर्षीचा. रक्कमही ही नाही." खरी रक्कम त्याने सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. ती आम्हाला कराच्या ओळीवरून कळलेलीच होती.

वॉरंटी ऑगस्ट २०२४ मध्येच संपली होती. मुलाने टोकन दिलं नाही.

तुम्ही टोकन आधीच दिलं असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या `1930` या हेल्पलाइनवर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. बोलणं, फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक डिलीट न करता जपून ठेवा. आणि टोकन दिलं नसेल तर भेटायला कदंब बसस्थानकासारखी वर्दळीची जागा ठरवा, फोन स्वतः हातात घेऊन `*#06#` दाबा, मूळ कागद उजेडात धरा, आणि त्यानंतरच पैसे द्या.